‘माझ्याबद्दल तुला काय माहीत आहे?’ या प्रश्नाचं उत्तर सेटिंगशी कसं ताडून पाहायचं

चॅटजीपीटीला ‘माझ्याबद्दल तुला काय काय माहीत आहे’ असं विचारलं की दहा-बारा ओळींचं उत्तर येतं. बहुतेक जण तिथंच थांबतात. बऱ्याच ओळी बरोबर निघतात म्हणून कौतुक वाटतं, एखादी चुकलेली असते तिच्यावर हसून होतं, आणि एखादी इतकी खासगी निघते की फोन लगेच खिशात जातो. पण ते उत्तर साठवलेल्या माहितीची यादी असेल असं धरून चालू नका. पाककृती विचारल्यावर मॉडेल जसं लिहितं, तसंच हेही त्या क्षणी लिहिलेलं असतं. त्यात खरी नोंद असते, जुन्या गप्पांतला अंश असतो, आणि मधल्या फटी भरायला केलेला अंदाजही असतो. तिन्हींची भाषा सारख्याच आत्मविश्वासाची असल्यामुळे नुसतं वाचून फरक कळत नाही.

तो फरक काढायचा तर उत्तर एका बाजूला आणि मेमरीचं सेटिंग दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न ओळ जुळवावी लागते. सौद्याच्या दिवशी संध्याकाळी अडत्याची पट्टी आणि आपली वही शेजारी ठेवून टिक करत जातात, तसंच हे काम आहे. इथे मी चॅटजीपीटी धरून सगळं सांगतो, कारण आमच्याकडे सांगली, मिरज, तासगाव भागात जास्त करून तेच वापरात दिसतं. बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात.

माहिती येते कुठून कुठून

हे आधी डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिली जागा म्हणजे जतन केलेल्या आठवणी, स्क्रीनवर ज्यांना Saved memories म्हणतात. आपण ‘हे लक्षात ठेव’ म्हटल्यावर किंवा मॉडेलला स्वतःहून महत्त्वाचं वाटल्यावर केलेल्या या छोट्या नोंदी असतात. नोंद झाली की संभाषणात Memory updated अशी बारीक खूण उमटते. ही यादी उघडून वाचता येते आणि एकेक नोंद पुसताही येते.

दुसरी जागा जुन्या संभाषणांची. एप्रिल २०२५ पासून चॅटजीपीटी आधीच्या चॅटमधले संदर्भही वापरू लागलं. ही सोय आधी पैसे भरणाऱ्यांना मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये हलक्या स्वरूपात फुकट वापरणाऱ्यांनाही. खरी गोम इथे आहे. या संदर्भांची जतन केलेल्या आठवणींसारखी ओळीओळीची पूर्ण यादी समोर येत नाही. म्हणजे आठवणींची यादी कोरी असली तरी मॉडेलला तुमच्याबद्दल बरंच काही ठाऊक असू शकतं. ‘मी सगळ्या मेमरी पुसल्या, तरी याला कसं कळलं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच येतो.

तिसरी जागा म्हणजे Custom instructions. नाव, व्यवसाय, उत्तरं कशी हवीत वगैरे आपण स्वतः भरून ठेवलेल्या सूचना. वर्षभरापूर्वी भरलेल्या असतात आणि विसरून गेलेल्या असतात. चौथी, चालू संभाषण: त्याच चॅटमध्ये वर काय लिहिलंय ते. पाचवी, इंटरनेटच्या पत्त्यावरून मिळणारं ढोबळ ठिकाण. मोबाइल इंटरनेटवर हा पत्ता पुष्कळदा मुंबई किंवा पुण्याचा दिसतो, त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेत बसलेल्या माणसाला ‘तुम्ही मुंबईत असाल’ असं ऐकून घ्यावं लागतं. आणि सहावा, निव्वळ अंदाज.

विचारण्याआधी यादी टिपून घ्या

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेटिंग, मग प्रश्न. उलटं केलंत तर विचारण्याच्या ओघात एखादी नवी नोंद तयार होण्याची शक्यता असते, आणि मग ती आधीची की आत्ताची हे कळायला मार्ग उरत नाही.

ॲपमध्ये आपल्या नावावर दाबून Settings, तिथून Personalization, आणि त्यात Memory. इथे दोन खटके दिसतात: Reference saved memories आणि Reference chat history. कोणता चालू आहे आणि कोणता बंद, ते कागदावर लिहा. मग Manage वर दाबून नोंदींची यादी उघडा आणि वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्या. यादी लांब असेल तर हे काम संगणकावर करणं बरं, फोनवर मधल्या नोंदी निसटतात. मेमरी भरली असल्याची सूचना दिसली तर तीही टिपा. जागा संपली की नव्या नोंदी होत नाहीत आणि जुन्याच वापरात राहतात, मग उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या तुमच्याबद्दल असल्यासारखं वाटतं.

त्याच पानावर Custom instructions मध्ये काय भरलंय ते पाहा. ॲपची भाषा मराठी केली असेल तर ही नावं मराठीत दिसतील, तपासणीपुरती भाषा इंग्रजी ठेवली की वाचताना घोटाळा होत नाही. आवृत्ती बदलली की एखादं नाव वा जागा थोडी सरकते, तेवढं धरून चाला.

अजून एक गोष्ट, जी लोक हमखास विसरतात: आपण कोणत्या खात्यात आहोत ते पाहा. एकाच फोनवर दोन जीमेल असतात, लॅपटॉपवर ऑफिसचं तिसरंच खातं उघडलेलं असतं. एका खात्याची यादी आणि दुसऱ्याचं उत्तर जुळवायला बसलात तर दिवस जाईल.

आता विचारा, पण मोकळं सोडू नका

नवीन साधी चॅट उघडा. प्रोजेक्टच्या आतली नको, कारण प्रोजेक्टला फक्त स्वतःपुरती मेमरी लावलेली असू शकते. कुणीतरी बनवलेल्या खास जीपीटीमध्येही विचारू नका. वेबवर शोधण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहू नका. नाव आणि वेब एकत्र आले की सांगली जिल्ह्यातल्या तुमच्याच नावाच्या तिसऱ्या माणसाची माहिती तुमच्या खात्यावर टाकली जाते. पाटील, कदम, माने असाल तर गोंधळ ठरलेलाच.

‘माझ्याबद्दल सांग’ एवढंच लिहिलं की ‘तुम्ही जिज्ञासू, मेहनती आणि कुटुंबावर प्रेम करणारे आहात’ छापाचा मजकूर येतो. त्याला काही आधार नसतो, तो ज्योतिषाच्या सदरासारखा कुणालाही लागू पडतो. म्हणून प्रश्न बांधून विचारायचा:

```
माझ्याबद्दल तुझ्याकडे आत्ता असलेली माहिती एकेका ओळीत लिही.
कौतुक नको, स्वभाववर्णन नको, वेबवर शोधू नकोस.
प्रत्येक ओळीपुढे लिही: जतन केलेली आठवण, माझ्या सूचना,
जुनी चॅट की अंदाज.
यातलं काहीही नव्याने लक्षात ठेवू नकोस.
```

उत्तर आलं की त्याच चॅटमध्ये दुसरा प्रश्न:

```
Saved memories मधल्या नोंदी शब्द न बदलता, आहेत तशा दाखव.
```

दुसऱ्या प्रश्नाचं कारण असं की तुम्ही मराठीत बोलत असलात तरी नोंदी पुष्कळदा इंग्रजीत होतात. मराठीत उत्तर देताना त्यांचा सारांश होतो, दोन नोंदी एकत्र होतात, ‘विचार करत आहेत’ चं ‘ठरवलं आहे’ होतं. मूळ शब्द समोर असले की स्क्रीनशॉटशी जुळवणं सोपं जातं.

मॉडेलने ओळींपुढे लिहिलेला उगम मात्र पुरावा मानू नका. तोही त्याने तयार केलेला मजकूरच. तो फक्त कुठे शोधायला सुरुवात करायची याचा इशारा समजा. कधी कधी तर मेमरी चालू असताना ‘माझ्याकडे तुमच्याबद्दल काहीही साठवलेलं नाही’ असंही उत्तर येतं. तेव्हा खरं सेटिंगचं, उत्तराचं नव्हे.

तासगावच्या आण्णांचं उदाहरण

आमच्या ओळखीचे एक बेदाण्याचे व्यापारी आहेत, तासगावचे. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांच्या फोनवरचं खातं घरात तिघं वापरतात: आण्णा स्वतः, त्यांची सून आणि दहावीतला नातू. एकदा आण्णांनी गाडीभाड्याचा हिशेब विचारला, तर उत्तराच्या शेवटी ‘प्रवासात गोड टाळा, तुमची साखर लक्षात घेता’ असं आलं. आण्णा भडकले. ‘मला कुठं साखर हाय? साखर हाय ती घरातल्या मालकिणीला!’ सूनबाईंनी मग वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली, मी शेजारी बसून टिपत होतो.

उत्तरात आलेल्या ओळी साधारण अशा होत्या. तासगावात बेदाण्याचा व्यापार आहे. मधुमेह आहे. स्वतःची द्राक्षबाग आहे. माल कोल्ड स्टोरेजला ठेवून दर वाढायची वाट पाहत आहेत. दहावीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मुंबईत राहतात. उत्तरं थोडक्यात आणि मराठीत हवी असतात.

पहिली ओळ यादीत जशीच्या तशी सापडली, टिक झाली. शेवटची Custom instructions मध्ये होती, सूनबाईंनीच कधीतरी भरलेली. मधुमेहाची ओळही यादीत होती: वापरणाऱ्याला मधुमेह असून त्याला कमी गोड आहार हवा आहे, अशा अर्थाची नोंद. चॅटच्या शोधात ‘साखर’ शब्द टाकून पाहिल्यावर मूळ संभाषण निघालं. सूनबाईंनी लिहिलं होतं, ‘उपाशीपोटी साखर १६० आली आहे, संध्याकाळी काय खायला द्यावं?’ कुणाची साखर ते लिहिलंच नव्हतं. मॉडेलने ती खातेदाराच्या माथी मारली. घरच्यांसाठी विचारलेले प्रश्न आपल्या नावावर चढतात, ही मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक. दुखणं, औषध, घटस्फोट, कर्ज, काहीही असो, ‘माझ्या सासूबाईंसाठी विचारतेय’ हे तीन शब्द पहिल्या वाक्यात असले तर नोंद निदान योग्य माणसाची होण्याची शक्यता वाढते.

कोल्ड स्टोरेजची ओळ यादीत नव्हती. दहावीचीही नव्हती. दोन्ही जुन्या चॅटमधून आल्या होत्या. शोधात ‘स्टोरेज’ टाकल्यावर आण्णांनी भाड्याचा हिशेब केलेली चॅट मिळाली आणि ‘भूमिती’ टाकल्यावर नातवाच्या चॅटची रांगच लागली. आण्णांना दहावीच्या ओळीचं हसू आलं, पण स्टोरेजच्या ओळीवर ते गप्प झाले. कोणाकडे किती बॉक्स पडून आहेत हे तासगावात सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

मुंबईची ओळ यादीत नाही, चॅटमध्ये नाही. ती इंटरनेटच्या पत्त्यावरून आलेली.

राहिली द्राक्षबागेची ओळ, आणि तपासणीतला सगळ्यात अवघड प्रकार हाच. आण्णांकडे बाग नाही, ते माल विकत घेतात. यादीत बाग नाही. चॅटच्या शोधात ‘बाग’, ‘छाटणी’, ‘द्राक्ष’ असं सगळं टाकून पाहिलं, स्वतःच्या बागेचा उल्लेख कुठेच नाही. तरी मॉडेलने त्या ओळीपुढे ‘जुनी चॅट’ असं ठामपणे लिहिलं होतं. बेदाणा म्हटल्यावर बाग असणारच, असा तो तर्क. खऱ्या नोंदीच्या आधारावर उगवलेला असल्यामुळे तो खरा वाटतो आणि पुसायला गेलं तर पुसण्यासारखं काही सापडत नाही.

यानंतर उलटी तपासणी. यादी हातात घेऊन प्रत्येक नोंद उत्तरात आहे का ते पाहायचं. आण्णांच्या यादीत सांगलीतला एक प्लॉट विकायचा विचार असल्याची नोंद होती, उत्तरात तिचा मागमूस नव्हता. उत्तरात आलं नाही म्हणजे साठवलेलं नाही, असा अर्थ काढू नका. यादी मोठी असली की मॉडेल काही गोष्टी गाळतं, आणि पैसा-आरोग्य अशा नाजूक गोष्टी स्वतःहून पुढे करेलच असं नाही. म्हणून फक्त उत्तरावर विसंबून ‘चला, प्लॉटचं याला माहीत नाही’ असं समजणं धोक्याचं.

शंका राहिलेल्या ओळींसाठी खटक्यांची चाचणी

शोधूनही ओळीचा उगम लागत नसेल तर एकेक वाट बंद करून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. सगळ्यात आधी Temporary Chat मध्ये, कारण त्यात काही बिघडत नाही. तिथे जतन केलेल्या आठवणी आणि जुन्या चॅट सहसा वापरल्या जात नाहीत. मेमरी वापरण्याचा काही पर्याय तिथे दिसत असेल तर तो बंद करा. Custom instructions मात्र तिथेही लागू राहतात. त्यामुळे Temporary Chat मध्येही टिकून राहणारी ओळ एक तर तुमच्या सूचनांमधली, नाही तर ठिकाणावरून काढलेली, नाही तर सरळ अंदाज. आण्णांच्या बाबतीत तिथे दोनच उरल्या: मराठीत थोडक्यात उत्तरं, आणि मुंबई.

पुढची पायरी म्हणजे फक्त Reference chat history बंद करून नव्या चॅटमध्ये विचारणं. जी ओळ गायब होईल ती जुन्या चॅटमधली. आण्णांच्या उत्तरातून दहावी आणि स्टोरेज दोन्ही गेले. बाग मात्र तशीच राहिली, म्हणजे ती जुन्या चॅटमधून आलेली नव्हती. व्यापाराची नोंद होती तोवर बागेचा तर्क तिच्या जोडीने येत राहिला.

पण हा खटका दाबण्याआधी एक विचार करा. तो बंद केला की जुन्या संभाषणांतून मॉडेलने गोळा करून ठेवलेली माहिती कंपनीच्या म्हणण्यानुसार ३० दिवसांच्या आत पुसली जाते. चॅट जागेवर राहतात, पण त्यांतून बनलेली ओळख जाते. मेमरीच्या जोरावर चाललेलं तुमचं एखादं लांबचं काम असेल तर चाचणीपुरता खटका बंद करणं महाग पडू शकतं. तेव्हा Temporary Chat आणि चॅटचा शोध यांवरच भागवा.

आणि एकाच वेळी दोन्ही खटके बंद करू नका. सगळंच गायब होतं आणि काय कुठून आलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

पुसायचं कसं, आणि पुसल्याची खात्री

चॅटमध्ये ‘माझ्या मधुमेहाबद्दल विसरून जा’ असं लिहिलं तर ‘ठीक आहे, विसरलो’ असं उत्तर येईल. त्यावर समाधान मानू नका. Manage उघडून नोंद खरंच गेली का ते डोळ्यांनी पाहा. कधी जुनी जाते, कधी जुनी तशीच राहून ‘वापरणाऱ्याला मधुमेहाचा उल्लेख नको’ अशी नवी नोंद तयार होते, म्हणजे मधुमेह यादीत राहिलाच. मी तर बोलून पुसायच्या भानगडीत पडत नाही, यादीत जाऊन कचऱ्याच्या डब्यावर दाबतो.

नोंद पुसली तरी काम अर्धंच झालं. ज्या चॅटमधून ती आली ती चॅट जिवंत असेल आणि Reference chat history चालू असेल, तर तोच समज त्या वाटेने परत येतो. उलटंही तितकंच खरं: चॅट पुसली म्हणून तिच्यातून झालेली नोंद पुसली जात नाही. दोन्ही स्वतंत्रपणे पुसावं लागतं. चॅट Archive केली म्हणजे ती फक्त नजरेआड झाली, पुसलेली नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पुसल्यानंतरही कंपनीकडे नोंदीची प्रत ३० दिवसांपर्यंत राहू शकते.

आता एक अशी जागा, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही ज्या चॅटमध्ये ‘माझ्याबद्दल काय माहीत आहे’ विचारलंत, त्या चॅटमध्ये मधुमेह, बाग, मुंबई हे सगळं ठळकपणे लिहिलेलं आहे. ती चॅट आता जुन्या चॅटमध्ये जमा झाली. म्हणजे तपासणीनेच चुकीच्या माहितीची एक नवी प्रत तयार केली. म्हणून जुळवाजुळव झाली, कागदावर उतरून घेतलं, की तपासणीच्या सगळ्या चॅट पुसून टाका. आण्णांच्या फोनवर हे न करता पुन्हा विचारलं तेव्हा बाग परत आली होती, आणि या वेळी तिला खरोखरच जुन्या चॅटचा आधार होता.

बागेसारख्या अंदाजाला पुसायला जागा नसते, तिथे उलट नोंद भरावी लागते. सूनबाईंनी Custom instructions मध्ये लिहिलं: मी बेदाण्याचा व्यापारी आहे, माझी द्राक्षबाग नाही, आणि या खात्यावरून घरातली इतर माणसंही प्रश्न विचारतात, त्यामुळे आजार किंवा शिक्षणाबद्दलचे प्रश्न माझेच आहेत असं समजू नये. त्यानंतर बाग थांबली. नातवाचं मात्र वेगळंच करणं बरं. एका खात्यावर तिघांची ओळख कितीही सूचना भरल्या तरी नीट वेगळी राहत नाही. तेराव्या वर्षापासून स्वतःचं खातं काढता येतं, अठरापर्यंत त्याला आईवडिलांची संमती लागते. नातवाला ते काढून दिलं.

शेवटची खात्री करताना ‘मला मधुमेह आहे का?’ असं विचारू नका. प्रश्नातच शब्द दिलात की उत्तर त्याच्याभोवती फिरतं. आडून विचारा. आण्णांसाठी आम्ही नव्या चॅटमध्ये विचारलं, ‘संध्याकाळच्या चहाबरोबर खायला काय करता येईल?’ गुळाच्या पोळीपासून शेवेपर्यंत सगळं आलं आणि साखरेचा इशारा आला नाही, तेव्हा ती नोंद वापरातून गेली असं धरलं. एकदा विचारून भागत नाही. मेमरीतलं सगळं मॉडेल प्रत्येक उत्तरात वापरतंच असं नाही, त्यामुळे खाणं, प्रवास, विमा असे वेगवेगळे विषय घेऊन, काही दिवसांच्या अंतराने विचारून पाहा.

मेमरीच्या पलीकडचं

इथवरच्या सगळ्या तपासणीतून मॉडेल उत्तर देताना तुमच्याबद्दल काय वापरतं ते कळतं. कंपनीकडे तुमचं काय काय साठलंय हा वेगळा प्रश्न आहे. मेमरी पूर्ण बंद केली तरी जुन्या चॅट खात्यात असतातच. तुमच्या चॅट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरायच्या की नाहीत याचा खटकाही वेगळा आहे, Data Controls मध्ये Improve the model for everyone या नावाने. मेमरीचे खटके बंद करून हा चालू ठेवलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना वाटत होतं की सगळं बंद आहे. खात्यात नक्की काय आहे ते पाहायचं असेल तर त्याच Data Controls मधून माहितीची प्रत मागवता येते, ती ईमेलवर येते. आण्णांनी ती मागवली नाही. ‘एवढं वाचत बसू तर सौदे कधी करू?’ असं म्हणाले.

दुसरं ॲप वापरत असाल तर

क्रम तोच, फरक फक्त मेमरी कुठे आणि कशी दिसते त्यात. क्लॉडमध्ये सुट्या नोंदींऐवजी तुमच्याबद्दलचा एक सलग सारांश सेटिंगमध्ये वाचायला मिळतो, जुळवायला ते सोपं. पण हा सारांश ठराविक काळाने, साधारण दिवसभराच्या अंतराने, नव्याने तयार होतो. त्यामुळे चॅट पुसून लगेच पाच मिनिटांत तपासलं तर जुनंच दिसेल, दुसऱ्या दिवशी पाहा. तिथे प्रोजेक्टची मेमरी वेगळी असते आणि Temporary Chat च्या जागी इनकॉग्निटो चॅट असते. जेमिनीमध्ये तुम्ही स्वतः जतन केलेली माहिती एकीकडे आणि मागच्या चॅट वापरण्याचा खटका दुसरीकडे असतो. शिवाय चॅटची नोंद गुगल खात्याच्या ॲक्टिव्हिटीत राहते, तिथलं पुसणं वेगळं. व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआयचीही स्वतःची मेमरी आहे, त्याच्या चॅटवरच्या नावावर दाबल्यावर ती पाहता आणि पुसता येते. सहज गंमत म्हणून त्याला काही विचारताना त्याच्या मेमरीकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून तपासणीला बसाल तेव्हा ते ॲप आधी उघडा.